शिक्षण भत्ता आणि वसतिगृह भत्ता: फॉर्म १६ मध्ये सूट शून्य दाखवली आहे, ती रिटर्न भरताना मिळेल का?

कृष्णाकाठ, सांगली
१८ ऑगस्ट २०२५

नमस्कार. मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कास्टिंग कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या पगाराच्या स्लिपमध्ये ‘मुलांचा शिक्षण भत्ता’ या नावाने दरमहा १,५०० रुपये येतात. गेल्या वर्षी थोरली मुलगी अकरावीसाठी लातूरला वसतिगृहात राहायला गेली. तिच्या प्रवेशाचे पत्र दिल्यावर जुलै २०२४ पासून ‘वसतिगृह भत्ता’ म्हणून दरमहा २,००० रुपये सुरू झाले. धाकटा मुलगा सातवीत आहे आणि तो घरूनच सांगलीतल्या शाळेत जातो.

जूनमध्ये मिळालेल्या फॉर्म १६ मध्ये कलम १० खालची सूट शून्य आहे. दोन्ही भत्ते पूर्णपणे करपात्र धरून कंपनीने एकूण ४०,०४० रुपये टीडीएस कापलेला आहे. एका सहकाऱ्याच्या सांगण्यानुसार दोन मुलांसाठी दरमहा ८०० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये करमुक्त असतात आणि कंपनीने ते दिले नसले तरी रिटर्नमध्ये आपण स्वतः घेऊ शकतो. हे बरोबर आहे का? यंदा मुदत १५ सप्टेंबरपर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही. परंतु चुकीचे काही भरायचे नाही.

लेखापाल, माधवनगर
१८ ऑगस्ट २०२५

तुमच्या सहकाऱ्याने सांगितलेला आकडा नियमातलाच आहे, पण तो तुमच्या घरच्या परिस्थितीला जसाच्या तसा लागू होत नाही. आयकर नियम २बीबी प्रमाणे शिक्षण भत्त्यापैकी प्रत्येक मुलामागे दरमहा १०० रुपये आणि वसतिगृह भत्त्यापैकी प्रत्येक मुलामागे दरमहा ३०० रुपये करमुक्त असतात, आणि दोन्हींसाठी जास्तीत जास्त दोन मुले धरली जातात. दोन्ही मुले वसतिगृहात असतील आणि दोन्ही भत्ते बाराही महिने मिळाले असतील, तरच ९,६०० हा आकडा येतो. तुमचे एकच मूल वसतिगृहात आहे, आणि तो भत्ताही नऊच महिने मिळालेला आहे.

म्हणून शिक्षण भत्त्याचे १०० गुणिले २ गुणिले १२ असे २,४०० रुपये, आणि वसतिगृह भत्त्याचे ३०० गुणिले १ गुणिले ९ असे २,७०० रुपये धरावेत. एकूण सूट ५,१०० रुपये होते. तुम्हाला वर्षभरात शिक्षण भत्त्याचे १८,००० आणि वसतिगृह भत्त्याचेही १८,००० मिळाले आहेत. या ३६,००० पैकी ५,१०० वगळता उरलेले ३०,९०० रुपये इतर पगारासारखेच करपात्र आहेत.

दोन्ही भत्त्यांच्या मर्यादा स्वतंत्र आहेत, हेही लक्षात ठेवावे. मुलगा घरी राहतो म्हणून त्याच्या वाट्याचे न वापरलेले ३०० रुपये मुलीच्या खात्यात वळवता येत नाहीत. प्रत्यक्ष खर्च किती झाला याला मात्र या सुटीत महत्त्व नाही. लातूरच्या वसतिगृहाला तुम्ही महिन्याला आठ हजार देत असाल तरी सूट ३०० रुपयेच मिळते.

आता मुख्य प्रश्न. ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. कंपनीने नवीन पद्धतीने टीडीएस कापलेला दिसतो, म्हणूनच सूट शून्य आहे. तुम्ही एप्रिल २०२४ मध्ये करपद्धतीची निवड कळवली होती का?

मिरज जंक्शन, मिरज
१८ ऑगस्ट २०२५

शंभर रुपये वाचून आश्चर्य वाटले. मी रेल्वेत आहे. आम्हाला शिक्षण भत्त्यापोटी प्रत्येक मुलामागे वर्षाला जवळपास एकोणतीस हजार रुपये मिळतात, आणि ती खर्चाची प्रतिपूर्ती असल्यामुळे पूर्णपणे करमुक्त असते. कृष्णाकाठ यांनी कंपनीला भत्त्याऐवजी प्रतिपूर्ती म्हणून रक्कम द्यायला सांगावे, म्हणजे सगळाच प्रश्न मिटेल.

कृष्णाकाठ, सांगली
१९ ऑगस्ट २०२५

लेखापाल साहेब, खरे सांगायचे तर मी काहीच कळवले नव्हते. एप्रिलमध्ये मेल आला होता, परंतु त्याच आठवड्यात मुलीच्या दहावीनंतरच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली आणि तो मेल तसाच राहून गेला.

पगारपत्रक, सातारा
१९ ऑगस्ट २०२५

मी साताऱ्यातील एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात पगाराचे काम पाहते, त्यामुळे कंपनीच्या बाजूने थोडे सांगते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवीन करपद्धती ही मूळची धरली जाते. कर्मचाऱ्याने काहीच कळवले नाही, तर आम्हाला नवीन पद्धतीनेच टीडीएस कापावा लागतो, आणि त्या पद्धतीत शिक्षण भत्ता आणि वसतिगृह भत्ता यांची सूट नाही. त्यामुळे तुमच्या फॉर्म १६ मधले शून्य ही कंपनीची चूक नाही.

दुसरी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. गुंतवणुकीची आणि खर्चाची माहिती देण्यासाठी कर्मचारी आम्हाला जो फॉर्म १२बीबी देतात, त्यात घरभाडे, प्रवास सवलत, गृहकर्जाचे व्याज आणि ८०सी सारख्या वजावटी यांचे रकाने आहेत, मात्र शिक्षण भत्त्याचा रकाना नाही. मुले किती, कुठे शिकतात, कोण वसतिगृहात आहे, हे विचारायला प्रत्येक कंपनीने स्वतःचा वेगळा कागद केलेला असतो. तो कागद कर्मचाऱ्याने भरला नाही, तर जुनी पद्धत निवडलेली असूनही सूट शून्य दिसू शकते. आमच्याकडे दरवर्षी मार्च महिन्यात अशी दहा-बारा प्रकरणे निघतात.

लेखापाल, माधवनगर
१९ ऑगस्ट २०२५

पगारपत्रक ताईंनी सांगितले ते अगदी योग्य आहे. कंपनीने नवीन पद्धतीने कर कापला, म्हणून रिटर्नही त्याच पद्धतीने भरावे असे बंधन नसते. ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही असे पगारदार रिटर्न भरताना जुनी पद्धत निवडू शकतात, फक्त ते रिटर्न मुदतीच्या आत भरलेले हवे. १५ सप्टेंबर उलटली की विलंबित रिटर्न भरता येते, पण त्यात जुनी पद्धत निवडता येत नाही; मग हे ५,१०० रुपयेच काय, गृहकर्जाचे व्याजही हातचे जाते.

आता मिरज जंक्शन यांच्या मुद्द्याकडे येतो. तुम्ही म्हणता ती रक्कम मला ठाऊक आहे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांना प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळत होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचला तेव्हा, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून, ते २,८१२.५० रुपये झाले. २०२३-२४ या शालेय वर्षाचे नऊ महिने जुन्या दराने २०,२५० आणि तीन महिने नवीन दराने ८,४३७.५० धरले की एका मुलाचे २८,६८७.५० रुपये होतात. तुम्हाला दोन मुलांचे ५७,३७५ रुपये मिळाले असणार.

परंतु देणाऱ्याने रकमेला कोणते नाव दिले यावरून ती करमुक्त ठरत नाही. तुमचा प्रत्यक्ष खर्च दहा हजार असो की पन्नास हजार, शाळेचा दाखला दिला की ठरलेलीच रक्कम मिळते. त्यामुळे तो मुलांच्या शिक्षणासाठी मिळणारा भत्ताच आहे, आणि त्याला नियम २बीबी मधली दरमहा शंभराचीच मर्यादा लागते. जुन्या पद्धतीत तुमचे २,४०० रुपये सुटतील आणि उरलेले ५४,९७५ रुपये करपात्र राहतील. नवीन पद्धतीत पूर्ण ५७,३७५ करपात्र राहतील.

मिरज जंक्शन, मिरज
१९ ऑगस्ट २०२५

रक्कम तुम्ही अचूक सांगितलीत, मला ५७,३७५ रुपयेच मिळाले. तरीसुद्धा मी सहमत नाही. माझ्याच बरोबरीच्या दोघांच्या फॉर्म १६ मध्ये ही रक्कम उत्पन्नात धरलेलीच नाही, आणि त्यांना आजवर कोणी काही विचारलेले नाही. शिवाय ही रक्कम मला मे २०२४ मध्ये मिळाली असली तरी ती आधीच्या शालेय वर्षाची आहे. मग ती कोणत्या वर्षात धरायची, आणि शंभर रुपये कोणत्या वर्षाचे वजा करायचे?

लेखापाल, माधवनगर
२० ऑगस्ट २०२५

एखाद्या कार्यालयाने फॉर्म १६ मध्ये रक्कम दाखवली नाही, याचा अर्थ ती करमुक्त झाली असा होत नाही. फक्त ती अजून कोणाच्या नजरेस पडलेली नाही. वर्षाच्या बाबतीत बहुतेक कार्यालये ज्या वर्षी बिल मंजूर होऊन रक्कम मिळते त्या वर्षाच्या पगारात ती धरतात, आणि त्या वर्षाच्या बारा महिन्यांची सूट देतात. दावा शालेय वर्ष संपल्यावरच करता येत असल्यामुळे मला ते व्यवहार्य वाटते. मात्र याच बाबतीत वेगळे मत असलेले लोकही मी पाहिले आहेत, त्यामुळे यावर मी ताणून धरणार नाही.

अजिंक्यतारा, सातारा
२० ऑगस्ट २०२५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि माझा अनुभव इथे सांगावासा वाटतो. मागच्या वर्षी आमच्या व्हॉट्सॲप गटावर ‘प्रत्येक नोकरदाराने ९,६०० रुपयांची सूट विसरू नये’ असा संदेश फिरत होता. माझी दोन मुले आहेत आणि दोघेही पुण्यात वसतिगृहात राहून शिकतात. मी जुन्या पद्धतीने रिटर्न भरताना ९,६०० रुपये वजा केले. साधारण दोन महिन्यांनी पोर्टलवर सूचना आली, की कलम १० खाली तुम्ही दाखवलेली सूट फॉर्म १६ शी जुळत नाही, ३० दिवसांत उत्तर द्यावे. मुले खरोखरच वसतिगृहात आहेत, दोन्ही वसतिगृहांच्या पावत्या माझ्याकडे आहेत, तरीही आमच्या सल्लागाराने मला ‘मान्य’ असे उत्तर द्यायला लावले. साधारण दोन हजार रुपये आणि वर व्याज भरावे लागले. मी तेव्हा इतर शिक्षकांनाही सांगितले, की पावत्या असूनही विभाग ऐकत नाही.

लेखापाल, माधवनगर
२० ऑगस्ट २०२५

गुरुजी, तुमच्या सल्लागाराने योग्य तेच सांगितले. तुमच्या पगारपत्रकात मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असे जे रकाने आहेत, त्यांत ‘मुलांचा शिक्षण भत्ता’ किंवा ‘वसतिगृह भत्ता’ असा रकाना आहे का? नसेल, तर सूट द्यायला मुळात रक्कमच नाही. ८०सी मध्ये आपण खर्च केला म्हणून वजावट मिळते. इथे तसे नाही. नोकरी देणाऱ्याने या नावाने काही दिले असेल, तर त्या दिलेल्या रकमेतला थोडा भाग करपात्र पगारातून बाहेर काढला जातो, इतकेच. पावत्यांचा ढीग असला आणि भत्ता मिळत नसला तर सूट शून्य. उलट भत्ता मिळत असेल तर पावती नसली तरी मर्यादेइतकी सूट मिळते, फक्त मूल शिकत असले पाहिजे, आणि वसतिगृह भत्त्यासाठी ते वसतिगृहात राहत असले पाहिजे.

तुमचे गणितही पडताळून पाहिले. ९,६०० रुपयांवर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला की १,९९६.८० रुपये होतात. तुम्ही म्हणता ते दोन हजार हेच.

अजिंक्यतारा, सातारा
२० ऑगस्ट २०२५

खरोखरच तसा रकाना नाही. एवढे साधे मला कोणी सांगितले नव्हते. व्हॉट्सॲप गटावर आता दुरुस्ती टाकतो.

वाईकर ताई, वाई
२१ ऑगस्ट २०२५

माझाही याच अनुषंगाने प्रश्न आहे. माझा मुलगा निवासी शाळेत आहे. शाळेची एकच पावती येते, १,१२,००० रुपयांची. मी ती संपूर्ण रक्कम ८०सी मध्ये शिक्षण शुल्क म्हणून दाखवत आले आहे. मग वसतिगृह भत्त्याचे हे ३०० रुपये मला दुहेरी लाभ म्हणून नाकारले जातील का? मला दोन्ही भत्ते मिळतात.

लेखापाल, माधवनगर
२१ ऑगस्ट २०२५

ताई, ३०० रुपयांची काळजी नको, काळजी त्या पावतीचीच आहे. ती पावती पुन्हा एकदा पाहून, तिच्या खाली किंवा मागे रकमेची फोड दिली आहे का ते सांगाल का?

वाईकर ताई, वाई
२१ ऑगस्ट २०२५

पाहिली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शिक्षण शुल्क ४१,०००, वसतिगृह व भोजन ५८,०००, गणवेश व इतर १३,००० असे लिहिलेले आहे. आजवर ही मागची बाजू मी कधी वाचलीच नव्हती.

लेखापाल, माधवनगर
२२ ऑगस्ट २०२५

मग ८०सी मध्ये ४१,००० रुपयेच येतील. त्या कलमात दोन मुलांपर्यंतचे, भारतातील पूर्णवेळ शिक्षणाचे फक्त शिक्षण शुल्क बसते. वसतिगृह, भोजन, गणवेश, बसभाडे, देणगी यांतले काहीच बसत नाही. तुमचा भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचा हप्ता मिळून दीड लाखाची मर्यादा आधीच भरत असेल, तर करात काहीही फरक पडणार नाही. भरत नसेल, तर यंदा योग्य रक्कम दाखवावी, आणि मागच्या वर्षांबद्दल सगळे कागद घेऊन कोणाकडे तरी बसावे.

भत्त्यावरची सूट आणि ८०सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पगार मोजताना लागते, दुसरी एकूण उत्पन्न काढल्यावर. जुन्या पद्धतीत दोन्ही एकाच वेळी घेतल्या तर तो दुहेरी लाभ ठरत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
२३ ऑगस्ट २०२५

माझे आकडे देतो. भत्त्यांसह एकूण पगार ९,६०,०००. व्यवसाय कर २,५००. भविष्य निर्वाह निधी, गृहकर्जाची मुद्दल आणि मुलांचे शिक्षण शुल्क मिळून ८०सी चे दीड लाख पूर्ण होतात. आरोग्य विमा २२,०००. राहत्या घराच्या कर्जाचे व्याज १,६०,०००. इतर उत्पन्न नाही. घर स्वतःचे असल्यामुळे घरभाड्याचा प्रश्न येत नाही. या सुटीसाठी मी जुन्या पद्धतीत जावे का?

लेखापाल, माधवनगर
२३ ऑगस्ट २०२५

‘या सुटीसाठी’ जाऊ नये, पण जुन्या पद्धतीत जावे. का ते आकड्यांतच दिसेल.

जुन्या पद्धतीत ९,६०,००० मधून आधी ५,१०० ची सूट वजा करू, म्हणजे ९,५४,९०० राहतात. प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेल्यावर करपात्र पगार ९,०२,४०० होतो. त्यातून गृहकर्जाचे व्याज १,६०,०००, ८०सी चे १,५०,००० आणि आरोग्य विम्याचे २२,००० गेले की ५,७०,४०० रुपये उरतात. पाच लाखांपर्यंतचा कर १२,५०० आणि वरच्या ७०,४०० वर २० टक्क्यांनी १४,०८०, एकूण २६,५८०. उपकर धरून साधारण २७,६४० रुपये.

नवीन पद्धतीत ९,६०,००० मधून फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते आणि ८,८५,००० उरतात. २०२४-२५ च्या टप्प्यांप्रमाणे तीन ते सात लाखांवर २०,००० आणि त्यापुढच्या १,८५,००० वर १८,५००, म्हणजे ३८,५००, उपकरासह ४०,०४०. तुमच्या टीडीएसचा आकडा हाच आहे. जुन्या पद्धतीने भरले तर सुमारे १२,४०० रुपये परत येतील.

आता दोन्ही भत्त्यांचा यातला वाटा पाहावा. ५,१०० ची सूट घेतलीच नाही, तर जुन्या पद्धतीतला कर २८,७०४ होतो. म्हणजे दोन्ही भत्त्यांमुळे वर्षभरात वाचलेला कर १,०६० रुपये आणि काही पैसे. बाकीचा लाभ गृहकर्जाच्या व्याजाचा, ८०सी चा आणि विम्याचा आहे. सहकाऱ्याचे ऐकून ९,६०० दाखवले असते, तर जास्तीच्या ४,५०० वर आणखी ९३६ रुपये वाचल्यासारखे वाटले असते, आणि गुरुजींसारखी सूचना आली असती.

पगारपत्रक, सातारा
२४ ऑगस्ट २०२५

या हिशेबावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. अनेक जण आमच्याकडे येऊन ‘शिक्षण भत्ता वाढवून द्या, कर वाचेल’ असे म्हणतात. तुमचा शिक्षण भत्ता १,५०० ऐवजी ३,००० केला तरी सूट २०० रुपयेच राहील. दोन मुले असलेल्याच्या बाबतीत विशेष भत्त्यातून २०० रुपये शिक्षण भत्त्याकडे, आणि दोघेही वसतिगृहात असतील तर ६०० रुपये वसतिगृह भत्त्याकडे वळवले, की होणारा सगळा लाभ झाला. तेही पुढच्या महिन्यापासून. मागील महिन्यांच्या स्लिपा बदलून देणे आम्हाला शक्य नसते, आणि मार्चमध्ये येऊन तशी विनंती करणाऱ्यांवर आता आम्हाला रागही येत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
२४ ऑगस्ट २०२५

आज पोर्टलवर बसलो. पगाराच्या भागात करमुक्त भत्त्यांच्या यादीत दोन पर्याय जवळजवळ सारखेच दिसतात, `Sec 10(14)(i)` आणि `Sec 10(14)(ii)`. कोणता निवडायचा?

लेखापाल, माधवनगर
२४ ऑगस्ट २०२५

दुसरा, `Sec 10(14)(ii)`. पहिला पर्याय कामासाठी प्रत्यक्ष केलेल्या खर्चाच्या भत्त्यांसाठी आहे, म्हणजे दौऱ्याचा किंवा गणवेशाचा भत्ता वगैरे, आणि तिथे खर्च दाखवावा लागतो. रक्कम ५,१०० एकाच ओळीत टाकावी. त्याआधी नवीन करपद्धतीतून बाहेर पडायचे आहे का या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर दिले आहे याची खात्री करावी, नाहीतर सूट मिळणार नाही. एकूण पगाराचा ९,६०,००० हा आकडा मात्र बदलू नये. काही जण सूट वजा करून पगारच ९,५४,९०० लिहितात. मग तो आकडा फॉर्म १६ शी जुळत नाही, आणि विभागाकडून विचारणा होऊ शकते.

तुमच्या फॉर्म १६ मध्ये सूट शून्य असल्यामुळे रिटर्न पुढे गेल्यावर तुम्हालाही सूचना येण्याची शक्यता आहे. गुरुजींपेक्षा तुमची बाजू वेगळी आहे. बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, मुलीच्या वसतिगृहाचे प्रवेशपत्र आणि मुलाच्या शाळेचा दाखला एका फाइलमध्ये ठेवावा, आणि सूचना आलीच तर ‘अमान्य’ असे उत्तर देऊन भत्त्याच्या रकान्याकडे बोट दाखवावे.

कराडकर, कराड
२५ ऑगस्ट २०२५

धागा वाचून एक शंका आली. आम्ही नवरा-बायको दोघेही खाजगी नोकरीत आहोत आणि दोघांनाही शिक्षण भत्ता मिळतो. आम्हाला थोरली मुलगी आणि नंतर जुळे मुलगे अशी तीन मुले आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या खेपेला जुळी झाली तर तिसऱ्या मुलाचाही भत्ता मिळतो, मग आम्हाला तिघांची सूट मिळेल ना? आणि मी दोघांची व पत्नीने दोघांची अशी घेतली तर चालेल का?

लेखापाल, माधवनगर
२५ ऑगस्ट २०२५

जुळ्यांची ती सवलत भत्ता कोणाला द्यायचा यासंबंधीची, म्हणजे केंद्राच्या सेवानियमांतली आहे. आयकराच्या नियमात दोनच मुले आहेत, जुळ्यांना अपवाद नाही. दोघांनी स्वतंत्रपणे घेण्याबाबत माझे मत ‘चालेल’ असे आहे, कारण मर्यादा कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या भत्त्याला लागते आणि तुम्हा दोघांना वेगवेगळे भत्ते मिळतात. मी अशी रिटर्न भरलेली आहेत.

पगारपत्रक, सातारा
२५ ऑगस्ट २०२५

इथे मी लेखापाल साहेबांशी पूर्णपणे सहमत नाही. आमच्याकडे ‘जोडीदाराने याच मुलांसाठी सूट घेतलेली नाही’ असे लिहून घेतले जाते, कारण आमच्या लेखापरीक्षकांनी एकाच मुलामागे दोघांनी सूट घेण्यावर आक्षेप घेतला होता. नियमात तसे स्पष्ट लिहिलेले मी वाचलेले नाही हे मान्य. पण ज्या कंपनीने असे लिहून घेतले आहे तिथे सही करून वर सूटही घेणे योग्य नाही. कराडकर, आधी तुमच्या सहीचा कागद पाहावा.

मिरज जंक्शन, मिरज
२६ ऑगस्ट २०२५

आमच्याकडे नवरा-बायको दोघे सरकारी नोकरीत असतील तर भत्ताच एकाला मिळतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. माझा प्रश्न मात्र तसाच आहे. आज आमच्या लेखा विभागात विचारले, तर तिथेही दोघांनी दोन उत्तरे दिली.

कृष्णाकाठ, सांगली
३० ऑगस्ट २०२५

जुन्या पद्धतीने रिटर्न भरले, ५,१०० ची सूट घेतली आणि आधारच्या ओटीपीने पडताळणीही झाली. १२,४०० रुपयांचा परतावा दाखवत आहे. सर्वांचे आभार.

एकच शेवटचे विचारतो. चालू वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, कंपनीला जुनी पद्धत कळवून ठेवू का? मुलगी आता बारावीत आहे आणि वसतिगृह भत्ता पूर्ण वर्ष मिळणार आहे.

लेखापाल, माधवनगर
३० ऑगस्ट २०२५

पगार असाच राहणार असेल तर अजिबात नको. या वर्षापासून नवीन पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ६०,००० पर्यंतची कर सवलत आहे. तुमचे ८,८५,००० त्यात येतात आणि कर शून्य होतो. जुन्या पद्धतीत वसतिगृहाचे पूर्ण ३,६०० धरले तरी सत्तावीस हजारांच्या आसपास कर भरावा लागेल.

कृष्णाकाठ, सांगली
३० ऑगस्ट २०२५

मग मागच्या वर्षी न वाचलेला तो मेल यंदाही तसाच राहू देतो. मात्र वसतिगृहाच्या पावत्या फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत, सूचना आली तर इथेच कळवीन.